चौदा पूर्ण झाली, आता हरकत नाही?



बालमजुरीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर शिवकाशीची काडेपेटी येते, चहाच्या टपरीवरचा पोऱ्या येतो, वीटभट्टी येते. कायद्याच्याही डोळ्यांसमोर तेच येतं. या अंकात मात्र एका अशा कामाबद्दल लिहायचं आहे, जे रस्त्यावरून दिसत नाही, ज्याला धूर नाही, यंत्र नाही आणि जिथे काम करणारी बहुतेक वेळा मुलगीच असते. चौदा ते अठरा या वयातल्या, मालकाच्या घरी राहून घरकाम करणाऱ्या मुलीचं काम.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८६ चा बालकामगार कायदा चौदा वर्षांखालच्या मुलांपुरता होता. काही धंद्यांत त्यांना ठेवायला बंदी, बाकीच्यांत नियमन, अशी त्याची रचना होती. घरकाम आणि ढाबे-हॉटेलांतलं काम बंदीच्या यादीत यायला १० ऑक्टोबर २००६ उजाडावं लागलं. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने दोन मोठे बदल केले. चौदाखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी केली (घरच्या धंद्यातली मदत आणि कलाकार म्हणून काम या दोन पळवाटा ठेवून), आणि चौदा ते अठरा या वयाला प्रथमच ‘किशोरवयीन’ असं नाव देऊन त्यांना धोकादायक कामांत मनाई केली. मनाई मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलिसांना कुणाच्या हुकमाची वाट पाहायची गरज नाही.

ऐकायला हे चांगलं वाटतं. पण धोकादायक म्हणजे काय, हे कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे, आणि सगळी गोम तिथे आहे. २०१७ साली ही अनुसूची नव्याने काढली गेली. तिचे दोन भाग आहेत. किशोरवयीनांना मनाई आहे ती फक्त पहिल्या भागातल्या कामांची. दुसरा भाग चौदाखालच्या मुलांनी घरच्या धंद्यातही कशाला हात लावू नये, एवढ्यापुरता आहे. पहिल्या भागात खाणी आहेत, दगडखाणी आणि वीटभट्ट्या आहेत, फटाके आणि स्फोटकं आहेत, धातू वितळवणं आहे, सिलिकाची धूळ आहे. घरकाम नाही.

यादी करणाऱ्यांना आग दिसली, धूळ दिसली, विष दिसलं. बंद दार दिसलं नाही. धोका म्हटला की तो कारखान्यातच असणार आणि घर म्हटलं की ते सुरक्षितच असणार, हा समज किती जुना आहे हे आपल्याला सांगायला नको. घरातल्या मारहाणीला गुन्हा म्हणवून घेण्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने किती वर्षं घालवली!

एक उदाहरण घेऊ. ही हकिगत कोणा एकीची नाही. अनेकींच्या हकिगतींतून जुळवलेली आहे, पण यातली एकही गोष्ट तुम्हाला नवी वाटणार नाही. मराठवाड्यातल्या एका गावची मुलगी. वय पंधरा वर्षं सात महिने. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब, आई-वडील सहा महिने ऊसतोडीला, आणि मुलीला एकटी मागे कुणाजवळ ठेवायची हा प्रश्न. लग्न उरकून टाकायचं चाललं होतं. तेवढ्यात ओळखीच्या एका बाईने पुण्यातलं घर सुचवलं. ‘घरच्यासारखी राहील, खाऊन-पिऊन पगार.’ मुलगी सकाळी सहाला उठते, दूध तापवणं, डबे, केर-फरशी, भांडी, म्हाताऱ्या आजींचं सगळं, संध्याकाळी बाळाला खेळवणं, रात्री साडेदहाला ओटा आवरून स्वयंपाकघरातच अंथरूण. पगार महिन्याच्या महिन्याला त्या ओळखीच्या बाईच्या हाती. घरातली मंडळी बाहेर जाताना ‘सुरक्षेसाठी’ बाहेरून कुलूप.

या मुलीला कायदा काय देतो?

ती चौदाच्या आतली असती, तर प्रश्नच नव्हता. एका फोनवर पोलीस, कामगार खात्याचा निरीक्षक आणि बाल कल्याण समिती हलायला हवी होती. चौदावा वाढदिवस झाला आणि तेच घर, तेच अंथरूण, तेच कुलूप असताना बंदीचं कलम तिच्या अंगावरून गळून पडलं. वाढदिवसाची भेटच म्हणायची.

मग निदान कामाच्या तासांचं बंधन? तेही कायद्यात आहे, आणि चांगलं आहे. किशोरवयीन मुलाला तीन तासांहून अधिक सलग काम नाही, मध्ये किमान एक तास विश्रांती, आणि कामाला वाट बघत बसण्याचा वेळ धरून सगळा दिवस सहा तासांत संपला पाहिजे. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. जादा काम नाही. आठवड्याची सुट्टी. आपल्या मुलीचा दिवस साडेसोळा तासांचा आहे आणि त्यातले साडेपाच तास रात्रीच्या मनाईच्या वेळेतले आहेत. पण ही कलमं ‘आस्थापने’ला लागू होतात, आणि आस्थापनेच्या व्याख्येत दुकान आहे, कार्यशाळा आहे, शेत आहे, हॉटेल आहे, नाटकगृहसुद्धा आहे, राहतं घर नावाने नाही. व्याख्या ‘यांचा समावेश होतो’ अशा भाषेत आहे, त्यामुळे घरही त्यात येतं असा युक्तिवाद करता येतो आणि तो केलाच पाहिजे. पण निरीक्षक दाराची घंटा वाजवायला तयार होत नाही, तो याच आडोशाने.

आपल्या राज्यात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात नोंदणीचं वय अठरापासून सुरू होतं. म्हणजे बंदीला ती मोठी आणि मंडळाला लहान.

आणि हे सगळं मोजायला आंतरराष्ट्रीय माप नाही असंही नाही. मुलांच्या मजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १८२ क्रमांकाचा करार आपल्या देशाने जून २०१७ मध्ये मान्य केला. त्याच्या सोबतच्या १९९९ च्या शिफारशीत धोकादायक काम ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक अत्याचाराला तोंड द्यावं लागेल असं काम, लांबलचक तासांचं किंवा रात्रीचं काम, आणि मालकाच्या जागेत मुलाला विनाकारण अडकवून ठेवणारं काम. वरच्या हकिगतीशी ताडून पाहा.

आता प्रत्यक्ष काय करता येतं. अशी मुलगी कळली की पहिला वाद वयाचा होतो. ‘अठरा पूर्ण आहे, आधार दाखवतो’ हे उत्तर ठरलेलं. बाल न्याय कायद्याचा क्रम लक्षात ठेवा. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं सगळं भवितव्य त्याच फरकात असतं. म्हणून गावच्या शाळेतून दाखला काढण्याचं काम पहिल्याच दिवशी हाती घ्या.

मुलगी चौदाखालची निघाली तर दुसरं ठरलेलं उत्तर येतं, ‘आमची भाचीच आहे हो.’ मुळात घरच्यांना मदतीची सूट शाळेच्या वेळेबाहेरची आणि सुट्टीतली आहे. शाळा सोडवून आणलेल्या मुलीला ती लागू नाही. शिवाय कायद्यातलं कुटुंब म्हणजे आई-वडील, भावंडं, आणि काका, आत्या, मामा, मावशी. तेवढंच. मुलीच्या आईचं माहेरचं आडनाव विचारा, मामा म्हणवणाऱ्याचं आडनाव विचारा. पुष्कळदा नातं तिथेच संपतं.

पंधरा-सोळाच्या मुलीसाठी आज हाताशी असलेलं हत्यार बालमजुरीच्या कायद्यापेक्षा बाल न्याय कायद्यात आहे. तिथे अठरा पूर्ण होईपर्यंत ती बालकच. तिला कामासाठी डांबून ठेवणं, तिचा पगार अडवणं किंवा तो स्वतःसाठी वापरणं याला कलम ७९ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. त्यात ‘ओळखीची बाई’सुद्धा येते. म्हणून पगार कुणाच्या हातात जातो, कोणत्या खात्यात जातो, हे मुलीशी बोलताना नीट विचारून लिहून ठेवा. एक अडचण मात्र २०२१ च्या दुरुस्तीने करून ठेवली. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांना तिने अदखलपात्र ठरवलं, आणि पोलीस ठाण्यात हेच कारण पुढे करून आपल्याला परत पाठवलं जातं. तेव्हा फक्त ठाण्यावर विसंबू नका. शोषण करणाऱ्याच्या घरी राहणारी मुलगी ही या कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालक’ आहे, आणि तिला बाल कल्याण समितीपुढे उभं करायला संस्थेची कार्यकर्तीही जाऊ शकते. लैंगिक छळ असेल तर २०१२ चा पॉक्सो लागतो आणि तिथे पोलिसांना कसलीच सबब नाही.

यावर आपल्याच बैठकांत एक प्रश्न नेहमी येतो. काम बंद केलं तर ती जाणार कुठे? गावी लग्न वाट बघतंय, किंवा कोयता. हा प्रश्न खोटा नाही, आणि म्हणूनच सगळ्याच घरकामाला अठरापर्यंत बंदी घाला असं मी म्हणणार नाही. आईबरोबर सकाळी दोन घरची भांडी घासून अकराला रात्रशाळेची वही उघडणारी सतरा वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. तिला तासांचं संरक्षण हवं, पगार हातात हवा; तिच्यावर छापा नको. पण राहून केलेलं काम ही वेगळी गोष्ट आहे. तिथे कामाचा तास आणि झोपेचा तास यांत भिंत नाही, ‘नको’ म्हणून निघून जायला रस्ता नाही, आणि काय घडलं ते सांगायला तिसरं माणूस नाही. धोका भांड्यांत नाही, त्या राहण्यात आहे. (आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांच्या घरीही ‘पोरीसारखी’ ठेवलेली पोर असते, हे इथे लिहून ठेवते.)

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. अठराखालच्या मुलीने मालकाच्या घरी राहून करायचं घरकाम अनुसूचीच्या पहिल्या भागात घाला. यासाठी संसदेत विधेयक लागत नाही. कलम ४ प्रमाणे केंद्र सरकारने तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन अधिसूचना काढली की यादीत भर पडते. दुसरी मागणी, तासांच्या कलमांसाठी ‘आस्थापना’ या शब्दात राहतं घर स्पष्ट लिहा. याला मात्र कायद्यातच दुरुस्ती लागेल. आणि तिसरी आपल्याच राज्य सरकारकडे. ऊसतोडीच्या गावांत आठवीपुढच्या मुलींसाठी हंगामापुरती नव्हे, वर्षभर चालणारी वसतिगृहं हवीत, नाहीतर पहिल्या दोन मागण्या मान्य होऊनही मुलगी लग्नाच्या मांडवातच पोचेल.

आपापल्या वस्तीत, सोसायटीत राहून काम करणाऱ्या अठराखालच्या मुली किती, त्या कुठून आल्या, कुणी आणल्या आणि पगार कोण घेतं, एवढी चारच प्रश्नांची पाहणी प्रत्येक गटाने पुढच्या अंकापर्यंत करावी. मुलींची नावं आणि पत्ते आम्हाला पाठवू नका, फक्त आकडे आणि तालुका कळवा. जिथे कुलूप असेल तिथे मात्र पाहणीचा कागद बाजूला ठेवून आधी १०९८ ला फोन करा.