‘बघतो’ म्हणजे नक्की कधी?

समजा, केडगावात तुमच्या घरची छोटी डेअरी आहे. दादा गावाला गेलाय, म्हणून आज सकाळचा फोन तुमच्याकडे. तुम्हाला खरं तर पुण्याची गाडी पकडायचीय, कॉलेजला जायचंय. तेवढ्यात सात वाजता रोजच्या गिऱ्हाईक असलेल्या काकूंचा मेसेज येतो : ‘तुमचं दूध तापवायला ठेवलं आणि फाटलं. घरात लहान बाळ आहे.’

काय उत्तर द्याल? आपल्याकडे ठरलेली दोनच उत्तरं आहेत. पहिलं, ‘काकू, बाकी कुणाचीच तक्रार नाही.’ दुसरं, ‘बघतो.’ काही जण तिसराही मार्ग काढतात. मेसेज न उघडता वरच्यावर वाचायचा आणि कारण कळल्यावर एकदम बोलायचं. माझ्या मते तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. त्यातही तिसरं जास्त फसवं, कारण ते प्रामाणिक वाटतं. ‘माहीतच नाही तर काय सांगू?’ असं आपण स्वतःला समजावतो.

पण सात वाजता कारण कुणालाच माहीत नसतं. दूध फाटायला कितीतरी गोष्टी पुरतात. रात्रीचं दूध थंड करायला उशीर झाला असेल. थंड दुधात सकाळचं कोमट दूध ओतलं असेल. कॅनच्या झाकणाच्या खाचेत कालचं दूध राहिलं असेल. एखाद्या गाईला कासेचा आजार असेल. किंवा काकूंच्या पातेल्यालाच आंबट काहीतरी लागलं असेल. हे शोधायला दुपार होईल, कदाचित उद्या उजाडेल. बाळाला मात्र दूध आत्ता हवंय. काकूंना या क्षणी कारण नकोच आहे. आपलं ऐकलं गेलं का आणि आता पुढे काय, एवढंच त्यांना हवंय. आणि ते सांगायला कारण कळावं लागत नाही.

मग मेसेज असा जाऊ शकतो : ‘काकू, मेसेज मिळाला. सकाळी सकाळी त्रास झाला, माफ करा. ते दूध बाळाला देऊ नका. न तापवलेलं थोडं उरलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. साडेसातपर्यंत दुसऱ्या कॅनमधलं दूध पाठवतो, उरलेलं त्याच्याकडेच द्या. कशामुळे झालं ते अजून माहीत नाही, तपासतोय. दहा वाजता मी फोन करतो आणि तोवर जे कळलं असेल ते सांगतो.’

यातली शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचा. ‘दहा वाजता कारण सांगतो’ असं तुम्ही म्हटलेलं नाही. कारण सापडणं तुमच्या हातात नाही, दहा वाजता फोन उचलून नंबर लावणं हातात आहे. वेळ द्यायची ती पुढच्या बातमीची. सगळी मेख इथेच आहे.

आता कामाला लागायचं. काकूंना गेलेलं दूध ज्या कॅनमधलं, त्यातलं थोडंसं भांड्यात घेऊन उकळून पाहा. पाच मिनिटांत कळतं. जे बदली दूध पाठवणार तेही आधी उकळून बघा, नाहीतर दुसऱ्यांदा फाटलेलं दूध पोचेल आणि मग कुठलाच मेसेज उपयोगाचा नाही. फॅट-एसएनएफच्या मशीनवर मात्र विसंबू नका. ते दूध किती कसदार आहे हे सांगतं, आंबायला लागलंय का हे नाही.

कॅनमधलं दूध फाटलं, तर त्याच कॅनचं दूध ज्यांना ज्यांना गेलं त्यांना तुम्हीच फोन करायचा, त्यांच्या तक्रारीची वाट न बघता. नाही फाटलं, तर ‘बघा काकू, तुमचंच पातेलं’ असं लगेच म्हणायचं नाही. त्याच रस्त्यावरच्या इतर दोन घरी विचारा, पिशवी किती वेळ बाहेर राहिली ते पाहा. आणि दहा वाजले, पण काहीच हाती लागलं नाही? तरी फोन करायचाच. ‘कॅनमधलं दूध ठीक निघालं, तुमच्याकडचं उरलेलं तपासतोय, संध्याकाळी सहाला पुन्हा सांगतो.’ हा फोन चुकला की सकाळचा मेसेज गोड बोलून वेळ मारून नेण्याचा प्रकार ठरतो. त्यापेक्षा मेसेज नसता केला तर बरं होतं.

तुम्ही म्हणाल, आधीच माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली की! नाही. ‘त्रास झाला, माफ करा’ आणि ‘आमचं दूध खराब होतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं सात वाजताच खरं आहे. दुसरं खरं की खोटं, ते तपासाअंती कळेल. त्याच न्यायाने ‘आमची चूक नाही’ हे वाक्यही सात वाजता बोलता येत नाही.

ही गल्ली चुकल्यावर काय होतं, ते महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. ऑक्टोबर 2003 मध्ये मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी सुरू केली. कंपनीने सुरुवातीलाच सांगून टाकलं की, कारखान्यात हे होणं शक्य नाही, दुकानात नीट साठवण झाली नसावी. प्रशासनाचा उलट प्रश्न साधा होता : मग तुमचं वेष्टन कसं होतं? ऐन दिवाळीच्या तोंडावर विक्री घसरली. पुढे कंपनीने दुकानदारांना साठवण शिकवण्यासाठी ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाची मोहीम काढली आणि 2004 च्या सुरुवातीला जास्त घट्ट बंद होणारं नवं वेष्टन आणलं. गंमत बघा, साठवणुकीचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. पण ज्याच्या हातात अळीचं चॉकलेट आहे, त्याला पहिलं वाक्य ‘दोष दुकानदाराचा’ असं ऐकू आलं. ते चॉकलेट परत कोण घेणार, तपास कधी संपणार, हे आधी यायला हवं होतं.

कायद्यानेही हे दोन टप्पे वेगळे ठेवलेत. ऑनलाइन खरेदीसाठी केंद्राने 2020 मध्ये ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आणले. त्यानुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि निवारण महिनाभरात करायचं. म्हणजे उत्तर सापडायला महिना लागू शकतो, पण ‘मिळालं’ म्हणायला नाही. तुमच्या डेअरीला हा नियम लागू नाही. पण काकूंचं बाळ 48 तास थांबणारही नाही.

नियमाची मर्यादाही लक्षात घ्या. ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असा आपोआप येणारा मेसेज म्हणजे पोच झाली, पण त्यात पुढचं पाऊल नाही, वेळ नाही आणि कुणाचं नावही नाही. असा मेसेज तुम्हाला आला, तर तीनच प्रश्न विचारा : तक्रार क्रमांक काय, आता कोण काय करणार आणि मला पुढचं कधी कळणार?

आणि पुढच्या वेळी फोन तुमच्या हातात असेल, तेव्हा ‘बघतो’ लिहिल्यावर लगेच पाठवू नका. त्यापुढे वाजले किती ते लिहा.