गुळाच्या डब्यावरची गोष्ट

हल्ली गुऱ्हाळाच्या गुळाला डबा आला, डब्याला चिठ्ठी आली आणि चिठ्ठीवर गोष्टही आली. गोष्ट जरूर असावी. तिच्यामुळेच गिऱ्हाईक नाव ध्यानात ठेवतं. पण "पणजोबांच्या बेण्याचा शंभर वर्षांचा ऊस" असे छापायचे आणि शेतात मात्र को ८६०३२ उभा, हे आम्हांस पटत नाही. त्या जातीचे नावच साक्ष देते. 'को' म्हणजे कोईमतूरची ऊस प्रजनन संस्था आणि ८६ म्हणजे १९८६ साल. पणजोबांना हे बेणे मिळणार कुठून? जाणत्या गिऱ्हाइकाने एवढे ताडले की भेंडीच्या रसाने मळी काढल्याचे खरे वाक्यही त्याला खोटेच वाटणार.

आमचे मत असे : गुऱ्हाळ खरोखर पणजोबांचे असेल तर "गुऱ्हाळ जुने, ऊस नवा" असे सरळ लिहावे. सालाला कागद हवा. कागद नसेल तर साल गाळावे. पुढे शेताचे गाव, उसाची जात आणि गाळपाची तारीख द्यावी. कोईमतूरचा ऊस आपल्या रानात कसा रुजला, हीही सांगण्याजोगी गोष्टच आहे, आणि ती कुणाला खोडता येणार नाही.