टोपणनावाने कोण लपतं?

आपाच्या तलाकवर मी लेख लिहिला, तेव्हा मित्र म्हणाले, "स्वतःच्या नावाने दे. हमीद दलवाई कधी लपले का?"

नाही लपले. पण १८ एप्रिल १९६६ला त्यांच्यासोबत मुंबईत मोर्चा काढणाऱ्या सात मुस्लिम बायका स्वतः ठरवून आल्या होत्या. माझ्या आपाला कुणी विचारलं होतं? मी नाव दिलं, की तिचंही नाव छापलं जातं. तिच्या जिवावर मी कसला धाडसी?

मग टोपणनाव? नुसतं तेही फसवं. अमेरिकेत १९९०च्या दशकात नावं काढून रुग्णांच्या नोंदी खुल्या केल्या होत्या. लताण्या स्वीनी या संशोधिकेने जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी जुळवून खुद्द गव्हर्नरची नोंद शोधली. माझ्या लेखात वीज केंद्राची वसाहत, अब्बांचं खातं, तीन भावंडं, परत आलेली मधली, सगळं होतं. एकलहऱ्यात एवढ्यावर घर सापडायला चहाच्या टपरीवर दोन मिनिटं पुरतात.

म्हणून लेख आधी तिला वाचायला दिला. तिने दोन परिच्छेद खोडले, ते गेले. खुणा बदलल्या, मगच टोपणनाव घातलं. 'फेक आयडी' म्हणणाऱ्यांनी ऐकावं, संपादकांकडे माझं खरं नाव आहे, प्रश्नांना मी उत्तर देईन. माझी मतं मी माझ्याच नावाने लिहितो. तिचं आयुष्य माझं मत नाही.

आणि हो, इथली 'आपा' माझी बहीणच असेल, असं धरू नका.