सोडतीचे तिकीट: एक नंबर, दोन दावेदार कसे होतात?

भातसानगरसारख्या वसाहतीत उत्सवाची सोडत ठरली की तिकिटे एका ठिकाणी विकली जात नाहीत. एक पुस्तक वसाहतीत, दुसरे शहापूरच्या बाजारात, तिसरे आसनगाव स्टेशनवर फिरते. बाजारातली तयार पुस्तके घेतली तर प्रत्येकात 1 ते 50 हेच नंबर असतात. मग ड्रममधून 37 निघाला की अनेक हात वर होतात आणि प्रत्येक हातातले तिकीट खरे असते. हा दोष विकणाऱ्यांचा नाही. पुस्तके वाटण्याआधीच नंबर न ठरवणाऱ्या आयोजकांचा आहे.

समजा, 2000 तिकिटे हवी आहेत. छापखान्याला प्रत्येकी 50 तिकिटांची 40 पुस्तके 0001 ते 2000 अशा सलग नंबरांनी छापायला सांगावे. पुस्तक क्रमांकाला 50 ने गुणले की त्या पुस्तकातले शेवटचे तिकीट मिळते. म्हणजे 17व्या पुस्तकात 0801 ते 0850. नंबर चार अंकीच असावा, कारण नुसत्या 83 पुढे 7 लिहून 837 करता येते, 0083 चे तसे होत नाही. तिकिटे कमी पडली तर पुढची छपाई 2001 पासूनच हवी.

नंबर तिकिटावर आणि स्थळप्रतीवर, दोन्हीकडे छापलेला असतो. नंबरिंग मशीनचे चाक एकदा अडकले की पुढचे सगळे नंबर एकाने सरकतात. म्हणून पुस्तक हाती येताच शेवटचे तिकीट पाहावे. 17व्या पुस्तकात दोन्हीकडे 0850 नसेल तर ते परत करावे. मग फाडायच्या रेषेवर मंडळाचा शिक्का असा मारावा, की अर्धा तिकिटावर आणि अर्धा स्थळप्रतीवर उमटेल. कोणते पुस्तक कोणाला दिले, ते वहीत सहीसह लिहावे.

सोडतीआधी सगळी पुस्तके परत घ्यावीत. 17व्या पुस्तकातली 38 तिकिटे विकली असतील, तर 38 स्थळप्रती ड्रममध्ये जातील आणि 12 तिकिटे पुस्तकात अखंड राहतील. बेरीज 50 होत नसेल तर ड्रम फिरवू नये.

0837 निघाला, तर वही सांगेल की पुस्तक 17 कोणाकडे होते. तिकीट स्थळप्रतीला लावून पाहावे: फाटलेली कड जुळते का, शिक्का पूर्ण होतो का. रंगीत झेरॉक्सची कड जुळत नाही. व्हॉट्सॲपवरचा फोटो तर पुरावाच नव्हे, मूळ कागदच हवा.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. नीट नंबर घातले म्हणून सोडत कायदेशीर होत नाही. सरकारने परवानगी न दिलेल्या लॉटरीसाठी जागा चालवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे. त्यामुळे छापखान्यात जाण्याआधी परवानगीची चौकशी करावी.