घरची शाळा : मीठ गेले कुठे?

तिसरीच्या परिसर अभ्यासात 'पाण्यात विरघळणारे पदार्थ' आणि 'पाण्याची वाफ' असे भाग आले, की शाळेतून प्रकल्प करून आणायला सांगतात. मग रात्री आठ वाजता पालक स्टेशनरीच्या दुकानात धावतात. रंगीत कार्डशीट, छापील चित्रे, थर्माकोलचा सूर्य असे शंभर-दीडशे रुपये खर्च होतात. चित्रे पालक चिकटवतात, अक्षरही पालकच काढतात आणि मूल तिथेच झोपी जाते. हाच प्रकल्प दोन रुपयांच्या मिठात होतो आणि तो मुलाच्या हातून होतो. तो कसा करायचा, ते या वेळी पाहू.

लागणारे सामान घरातच आहे. बारीक मीठ, काचेचा ग्लास, चमचा, चिनी मातीची किंवा प्लॅस्टिकची पसरट बशी आणि खोकल्याच्या औषधाचे खुणा असलेले टोपण एवढे पुरे. बहुतेक टोपणांवर 5 आणि 10 मिलिलिटरच्या खुणा असतात. टोपण साबणाने धुऊन कोरडे करावे. हेच आपले माप. घरोघरी चमचे लहानमोठे असतात, म्हणून 'दोन चमचे मीठ' म्हटले तर हिशेब जुळत नाही. टोपणाचा हिशेब जुळतो. स्टीलची ताटली मात्र या कामाला घेऊ नये. मिठाचे पाणी तिच्यावर दिवसभर सुकत राहिले, तर बारीक खड्डे आणि डाग पडतात.

आधी मुलाला विचारा, "ग्लासात मीठ टाकून ढवळले तर मिठाचे काय होईल?" बहुतेक मुले सांगतात, "नाहीसे होईल." काही म्हणतात, "त्याचे पाणी होईल." उत्तर दुरुस्त करू नका. मूल जे बोलेल तेच त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. पुढचा सगळा प्रकल्प त्या एका वाक्याची तपासणी आहे.

आता ग्लासात पाच टोपणे पाणी घ्या, म्हणजे 50 मिलिलिटर झाले. कोरड्या टोपणात 5 च्या खुणेपर्यंत मीठ भरा. ते साधारण 6 ग्रॅम असते. पाण्यात टाकून मुलाने ढवळावे. पहिले माप चटकन विरघळते, दुसऱ्याला थोडा वेळ लागतो. तिसऱ्याला चांगली तीन-चार मिनिटे ढवळावे लागते. चौथे माप कितीही ढवळले तरी तळाशी बसून राहते. मुलाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पाण्यालाही मर्यादा असते. नेहमीच्या तापमानाला 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावते, म्हणजे आपल्या 50 मिलिलिटरला 18 ग्रॅम, अर्थात तीन मापे. आपले टोपण आणि पुस्तकातला आकडा जुळला! अशा भरलेल्या पाण्याला संपृक्त द्रावण म्हणतात, पण तिसरीतल्या मुलाने 'पाण्याचे पोट भरले' असे लिहिले तरी चालेल.

इथे एक अडचण येते. पुडीतल्या बारीक मिठाचे पाणी थोडे गढूळ, दुधाळ दिसते आणि मूल म्हणते की मीठ विरघळलेच नाही. मीठ मोकळे राहावे, त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात दुसरी एक पूड अगदी थोडी घातलेली असते. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून हा गढूळपणा. ग्लास रात्रभर झाकून ठेवला, तर ती खाली बसते आणि वरचे पाणी निवळते. जाडे मीठ घेतले, तर तळाशी मातीही दिसेल. विरघळणारे कोणते आणि न विरघळणारे कोणते, हे त्यातून आपोआप कळते.

आता मूळ प्रश्न. दिसत नसलेले मीठ आहे की गेले? जिभेला एक थेंब लावला की खारट लागते. हा पहिला पुरावा. चव फक्त अशीच, स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या वस्तूची आणि स्वच्छ भांड्यातली घ्यायची, हा नियम मुलाला तेव्हाच सांगून ठेवा. दुसरा पुरावा वाण्याच्या दुकानात मिळतो. ग्लासात पाणी आणि शेजारी कागदाच्या पुडीत तीन मापे मीठ, असे दोन्ही एकदम काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग तिथेच मीठ पाण्यात टाकून ढवळा. चमच्याला पाणी लागून जाऊ देऊ नका. रिकामा कागदही ग्लासाजवळ काट्यावर ठेवा आणि पुन्हा वजन पाहा. वजन तेवढेच भरते. आम्ही दिवसभर जमाखर्चाच्या वह्या लिहिणारी माणसे. जमा झालेली रक्कम दिसत नाही म्हणून ती बुडाली, असे म्हणता येत नाही. खाते बघावे लागते. मिठाचेही तसेच आहे.

तिसरा पुरावा सगळ्यांत पक्का, पण त्याला दोन-चार दिवस लागतात. तो म्हणजे मीठ परत मिळवणे. आमच्या ओळखीच्या एका तिसरीतल्या मुलीने आणि तिच्या आईने जानेवारीत हा प्रयोग केला. आई कामावरून सात वाजता येते, त्यामुळे मांडणी रविवारी दुपारी केली. दोन टोपणे पाण्यात एक माप मीठ विरघळवले. त्यातले एक टोपण पाणी पसरट बशीत ओतले आणि एक टोपण काचेच्या लहान वाटीत. तिसऱ्या बशीत एक टोपण नुसते नळाचे पाणी घेतले. तिन्ही भांडी फळीवर, पंख्याचा वारा लागेल अशी शेजारी ठेवली. वरून पातळ फडके टाकले, म्हणजे धूळ पडत नाही आणि वाराही अडत नाही.

तिच्या वहीतल्या नोंदी अशा आहेत. रविवार संध्याकाळ : साधे पाणी संपले, बशीवर पुसट पांढरा डाग आहे. खारे पाणी दोन्हीकडे आहे. सोमवार सकाळ : बशीच्या कडेला पांढरी रेघ आली. सोमवार संध्याकाळ : बशी कोरडी, मीठ आले. वाटीत पाणी आहे. गुरुवार : वाटीतही मीठ आले, वाटीतले दाणे मोठे आहेत.

या चार ओळींत पुष्कळ काही आहे. पाणी तेवढेच होते, तरी बशी सोमवारी सुकली आणि वाटी गुरुवारी. पाणी वरच्या पृष्ठभागावरून हवेत जाते. बशीत ते पसरलेले असते, म्हणून जायला वाट मोठी. धुतलेली चादर घडी घालून टाकली तर सुकत नाही, पसरली तर सुकते, हे मुलाला ठाऊक असतेच. पाणी उकळले तरच वाफ होते, असे पुष्कळ मुलांना वाटते. इथे चूल पेटलीच नाही, तरीही पाणी गेले. पुसलेली लादी सुकते तीही अशीच. यालाच बाष्पीभवन म्हणायचे.

पण गेले ते फक्त पाणी. मीठ हवेत गेले नाही, ते मागे राहिले. नळाच्या पाण्याने मात्र मुलीला पेचात टाकले. "आई, यात तर आपण मीठ टाकले नव्हते, मग पांढरे कुठून आले?" नळाच्या पाण्यात मुळातच थोडे क्षार विरघळलेले असतात. बोअरच्या पाण्यात ते जास्त असतात. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो तो त्याचाच. म्हणूनच साध्या पाण्याची बशी शेजारी ठेवायची. खाऱ्या बशीतले जाड मीठ आणि साध्या बशीतला पुसट डाग यांत फरक किती, ते डोळ्यांसमोर दिसते.

साधे पाणी आधी का सुकले? मीठ पाण्याला धरून ठेवते, लवकर सुटू देत नाही. याच कारणाने पावसाळ्यात हा प्रयोग फसतो. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला, की मिठाचे पाणी पूर्ण सुकतच नाही. कोरडे मीठसुद्धा हवेतले पाणी ओढून घेते. आषाढात बरणीतले मीठ ओले होते ते त्यामुळे. मिठागरातले मीठही पाऊस संपल्यावर, उन्हाळ्यापर्यंतच पिकते. शाळेने प्रकल्प जुलैत मागितला, तर चिनी मातीची बशी भात शिजवलेल्या गरम पातेल्याच्या तोंडावर नीट बसवून ठेवावी. खालच्या उबेने पाणी निघून जाते. हे काम आई-बाबांनी करावे, मुलाने लांबून पाहावे. खारे पाणी थेट गॅसवर आटवू नये. शेवटी शेवटी गरम मीठ तडतडून अंगावर उडते.

आता दाण्यांकडे पाहा. बशीतले पाणी भराभर सुकले, म्हणून मीठ बारीक राहिले. वाटीत सावकाश सुकले, म्हणून कणांना वाढायला वेळ मिळाला. खाली काळा कागद ठेवून भिंगातून पाहिले, तर हे मोठे दाणे चौकोनी, फाशासारखे दिसतात. मुलाने ते पेन्सिलीने काढावेत. छापील चित्रापेक्षा ते चित्र मोलाचे.

परत आलेले मीठ खरवडून टोपणात भरले, तर मापाला थोडे कमी-जास्त भरेल. काही बशीला चिकटून राहते आणि दाणे बदलल्यामुळे मधली पोकळीही बदलते. मुलाने जे दिसले तेच लिहावे. पुस्तकात '5' आहे म्हणून वहीत '5' लिहायला लावू नका.

साखरेने हाच प्रयोग करायचा हट्ट मूल धरेलच. करू द्या, पण आधी सांगा की साखर मिठासारखी कोरडी होऊन येत नाही. तिचा चिकट पाक होतो आणि मुंग्या येतात, म्हणून बशी पाणी भरलेल्या ताटात ठेवावी. साखर पाण्यात मावतेही फार, मिठाच्या पाच-सहापट. गरम पाण्यात तर आणखी मावते. मिठाचे तसे नाही. गरम पाण्यात ते लवकर विरघळते, पण जवळजवळ तेवढेच मावते.

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर मुलाचे पहिल्या दिवशीचे वाक्य तसेच राहू द्या. 'मीठ नाहीसे होईल.' त्याच्या खाली त्याने आता काय वाटते ते लिहावे, तारखेसह. बाईंना दाखवायला तेवढे पान पुरे आहे.