गुणफलक झाकून मोजलेली कबड्डी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशी दोन जगं आहेत. कबड्डी मात्र दोन्हीकडं सारखीच चालते. सोयाबीन घरात आलं की गावोगाव ट्यूबलाइटच्या उजेडात सामने रंगतात. अशा सामन्यांना मी बरीच वर्षं वही घेऊन बसतो आणि चढाया लिहितो. त्या वहीच्या जोरावर मला आज भांडायचं आहे. माझं म्हणणं एवढंच की संघाच्या चढायांची टक्केवारी काढताना, ती चढाई झाली तेव्हा संघ पुढं होता की मागं, हे न पाहणं म्हणजे खोटा हिशेब आहे. तो प्रामाणिकपणे केलेला असला, तरी खोटाच.

एका निवड समितीसमोर मी हे बोललो होतो. त्यांच्या हातात एक तक्ता होता: संघ, चढाया, गुण, शेकडा प्रमाण. सातत्यानं जिंकणारा एक संघ त्यात खाली होता, म्हणून त्याच्या मुलांचा विचारच झाला नाही. ‘जिंकले ते नशिबानं, आकडे बघा,’ असं मला ऐकवलं गेलं.

आकडे बघूच. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची असते. शेवटच्या पाच मिनिटांत दोन्ही संघांच्या मिळून साधारण दहा पूर्ण चढाया होतात. सहा गुणांनी पुढं असलेल्या संघाला त्या दहांतून काही कमवायचं नसतं, घड्याळ संपवायचं असतं. त्याचा चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, वेळ काढतो आणि परत येतो. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद होतो, म्हणून तेवढ्या एका चढाईत तो जोखीम घेतो. म्हणजे डाव अगदी मनासारखा चालला, तरी त्याची यशस्वी चढाई तिनातून एकच. तक्त्यात तो तेहतीस टक्क्यांचा कच्चा गडी दिसतो. पिछाडीवरच्या संघाला मात्र प्रत्येक चढाईत झेपावावं लागतं. त्याचे गुण वाढतात आणि त्याचे गडी पकडलेही जास्त जातात. पण दुसरी गोष्ट या तक्त्यात येतच नाही. नांदुऱ्याकडच्या एका जुन्या प्रशिक्षकांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, ‘भाऊ, आपण पुढं आहो नं, मंग कायले अंगावर जाता?’

आता समजण्यासाठी सोपे आकडे धरू. समजा, स्पर्धेतले सगळे संघ मिळून शंभर चढायांमागे आघाडीवर असताना 35, बरोबरीत 45 आणि पिछाडीवर 50 गुण मिळवतात. ‘क’ संघानं आघाडीवर 60 चढायांत 24, बरोबरीत 20 चढायांत 10 आणि पिछाडीवर 20 चढायांत 11 गुण मिळवले. एकूण 45. ‘ख’ संघानं आघाडीवर 20 चढायांत 7, बरोबरीत 20 चढायांत 9 आणि पिछाडीवर 60 चढायांत 30 गुण मिळवले. एकूण 46. तक्ता म्हणतो, ‘ख’ सरस.

पण ‘क’च्या जागी सर्वसाधारण संघ असता, तर त्याच परिस्थितीत त्याला 21, 9 आणि 10 असे 40 गुण मिळाले असते. ‘क’नं पाच जास्त आणले. ‘ख’ची अपेक्षाही 46 आणि कमाईही 46, म्हणजे तो जेमतेम सरासरीचा. तिन्ही परिस्थितींत ‘क’ वरचढ होता, तरी बेरजेत खाली गेला. कारण त्याच्या बहुतेक चढाया आघाडीवरच्या होत्या, आणि आघाडी त्यानंच मिळवलेली होती. चांगलं खेळण्याची शिक्षा ती हीच.

आइस हॉकीचे अभ्यासक फटक्यांची संख्या गुणस्थितीनुसार सुधारून घेतात, ती याच कारणानं. आपल्याला त्यासाठी यंत्र लागत नाही. प्रत्येक चढाईपुढं तेव्हाचा गुणफरक लिहायचा, एवढंच.

यात खाचखळगे आहेत, ते लपवत नाही. आघाडीवर बहुधा बलवान संघच असतात, त्यामुळे ‘आघाडीची सरासरी’ मुळातच फुगलेली असते आणि परिस्थितीचा परिणाम आहे त्याहून लहान दिसतो. म्हणून आधी प्रत्येक संघाची स्वतःशीच तुलना करावी, पुढं असताना आणि मागं असताना, आणि मग त्या फरकांची सरासरी काढावी. दुसरं, मागं पडलेल्या संघाचे मैदानात अनेकदा गडीही कमी असतात, आणि समोर सहापेक्षा कमी बचावपटू असले तर चढाईपटूला बोनस मिळत नाही. तेव्हा गड्यांची संख्याही लिहावी. तिसरं, ‘मागं’ म्हणजे नेहमी धाडस नव्हे. प्रो कबड्डीत अनेक मोसम सात किंवा कमी गुणांनी हरलेल्या संघाला एक गुण मिळत असे. शेवटच्या मिनिटाला सहानं मागं असलेला संघ तिथं जिंकायला नव्हे, तो गुण राखायला खेळू शकतो. आणि चार सामन्यांच्या वहीवरून यातलं काहीच ठरवू नये.

‘गुण ते गुण, त्यात पुढं काय अन् मागं काय?’ असं समितीतले एकजण म्हणाले होते. मग तेच गृहस्थ स्वतःचा संघ पुढं असताना ‘टाइम काढ, टाइम काढ’ म्हणून का ओरडतात? मैदानाच्या कडेला त्यांना फरक कळतो. टेबलामागं बसल्यावर ते तो विसरतात, आणि घरी बसतात ती पोरं, ज्यांनी त्यांचंच ऐकून हात राखला.