झोपू द्या, पण हाक ऐकू आली पाहिजे

इकडे ज्यांच्या घराला तळघर आहे त्यांना संप पंपाची ओळख करून द्यायला नको. खड्ड्यात पाणी साठलं की पंप सुरू होतो आणि पाणी बाहेर टाकतो. अडचण अशी की वादळात पाऊस वाढतो आणि वीजही जाते, म्हणजे पंपाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तो बंद पडतो. म्हणून त्या खड्ड्यात मी बॅटरीवर चालणारा एक संवेदक बसवला. त्यात तरंगता स्विच, एटीमेगा328पी चिपचा 8 मेगाहर्ट्झचा छोटा बोर्ड, लोरा रेडिओ आणि 1500 मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एवढंच आहे. पाणी चढलं की वर संदेश जायचा.

पहिली बॅटरी सव्वा महिन्यात संपली. मी संदेश लहान करण्यात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, आणि चिप झोपलेली असताना मीटरवर दिसत होते 1.6 मिलिअँपिअर. 1500 भागिले 1.6 म्हणजे साधारण 940 तास, म्हणजेच 39 दिवस. संदेशाच्या लांबीचा त्यात काहीच वाटा नव्हता. चिप खरोखरच गाढ झोपली होती, पण बाकीचं घर जागं होतं. बोर्डावरचा लाल दिवा एकटा 1.3 मिलिअँपिअर खात होता. तो उपटल्यावर व्होल्टेज रेग्युलेटरही काढला आणि सेल थेट जोडला, तेव्हा आणखी 100 मायक्रोअँपिअर गेले. एडीसी झोपण्यापूर्वी बंद केला नाही तर झोपेतही चालू राहतो. त्याचे 170 होते. कमी व्होल्टेजवर नजर ठेवणारं ब्राउन-आउट सर्किट झोपेपुरतं बंद केल्यावर आणखी 20 वाचले. उरले साडेचार मायक्रोअँपिअर, आणि त्यातले चारच्या आसपास वॉचडॉग टायमरचे.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. या टप्प्यावर माणसाला हाव सुटते, तशी मलाही सुटली. वॉचडॉग बंद केला तर ही चिप झोपेत 0.1 मायक्रोअँपिअरवर येते, असं तिच्या डेटाशीटमध्येच दिलेलं आहे. पाणी आलं की स्विच इंटरप्ट देणारच आहे, मग घड्याळ हवंच कशाला? मी ते बंद केलं. मग बादलीत पाणी घेऊन स्विच शंभरेक वेळा वरखाली केला, आणि तीन वेळा संवेदक गप्प बसला. पाणी वर आलेलं, स्विच उचललेला, आणि चिप ढाराढूर.

कारण असं. पाण्याचा पृष्ठभाग हलता असतो, त्यामुळे स्विच एकदाच न उघडता थरथरतो. पहिल्या थरथरीने चिप उठते, पाणी नाही असं पाहते, रेडिओ आणि एडीसी बंद करते आणि पुन्हा झोपायला निघते. ‘काही घडलंय का’ हे विचारणं आणि प्रत्यक्ष झोपणं यांच्यामध्ये माझ्या प्रोग्राममध्ये एखादा मिलिसेकंद जात होता. शेवटची थरथर नेमकी त्या फटीत आली की इंटरप्ट चालतो, खूण करून ठेवतो आणि संपतो. पण खूण तपासून झालेली असते, म्हणून चिप झोपते. स्विच आता स्थिर आहे, पुन्हा हाक मारणारं कोणी नाही. ही फट बुजवायची तर बाकीची आवराआवर आधी उरकायची आणि तपासणीच्या वेळी इंटरप्ट थांबवून ठेवायचे:

```c
cli();
if (!changed) {
  sleep_enable();
  sleep_bod_disable();
  sei();
  sleep_cpu();
  sleep_disable();
}
sei();
```

गंमत `sei()` आणि `sleep_cpu()` लागोपाठ असण्यात आहे. या घराण्यातल्या चिप `sei` नंतरची एक सूचना पूर्ण केल्याशिवाय ताटकळलेला इंटरप्ट घेत नाहीत. म्हणजे हाक आधीच आलेली असेल तर चिप झोपते आणि लगेच उठते; हाक झोपेच्या आधी विरून जात नाही. या दोघांच्या मध्ये एक ओळ जरी घातली तरी फट परत उघडते. `changed` ला `volatile` म्हणायला विसरू नका, आणि ती खूण पुसायची ती पिन वाचण्याच्या आधी, नंतर नाही.

एवढं केल्यावरही मी वॉचडॉग परत चालू केला. ही माझी ठाम बाजू आहे, आणि वीज वाचवण्याच्या स्पर्धेत रमलेल्या मित्रांशी माझा वाद इथेच होतो. फक्त हाकेवर उठणारा संवेदक आणि मेलेला संवेदक बाहेरून सारखेच दिसतात: दोघंही गप्प. म्हणून माझा संवेदक दर 8 सेकंदांनी उठतो, पिन स्वतः वाचतो आणि 450 वेळा उठून झाल्यावर, म्हणजे साधारण तासाने, ‘मी आहे’ एवढा संदेश पाठवतो. साधारण म्हणतो, कारण वॉचडॉगचं घड्याळ तापमानाप्रमाणे मागेपुढे होतं; नेमकी वेळ घेणाऱ्याने नोंदवावी. वरच्या मजल्यावरच्या यंत्राला तीन तास काही ऐकू आलं नाही तर ते स्वतःच बोंब मारतं.

याची किंमत पाहा. रेडिओ 87 मिलिअँपिअर घेतो, पण फक्त 60 मिलिसेकंद. तासाभरावर पसरलं तर ते दीड मायक्रोअँपिअरही होत नाही. दर 8 सेकंदांच्या उठण्याला रेझोनेटर स्थिरावण्याचे 2 मिलिसेकंद लागतात, त्याचा सरासरी खर्च साधारण एक.

स्विचचंही तसंच. आधी तो कोरड्यात उघडा होता, म्हणजे खर्च शून्य, पण तार उंदराने कुरतडली तरी चिपला सगळं कोरडंच दिसणार. आता तो कोरड्यात बंद असतो. पाणी आलं किंवा तार तुटली तरी उघडतो. चिपच्या आतला पुल-अप 20 ते 50 किलोओहमचा असतो, तो वापरला तर सतत 64 ते 160 मायक्रोअँपिअर वाहतात. म्हणून बाहेरून 1 मेगाओहमचा रोध लावला: 3.2 मायक्रोअँपिअर. मात्र तार लांब असेल तर एवढा मोठा रोध आजूबाजूचा विद्युत गोंधळ पकडतो आणि चिपला उगाच उठवत राहतो. माझी तार एक मीटरची आहे, तिथे चालतं.

पातळीवर चालणारा इंटरप्ट इथे टाळा. पिन त्याच पातळीवर अडकून राहिली तर तो इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि मुख्य प्रोग्रामला संदेश पाठवायला उसंतच मिळत नाही. मी पिन-बदलाचा वापरतो.

सगळी बेरीज सुमारे 10 मायक्रोअँपिअर. कागदावर 17 वर्षं, म्हणजे सेल त्याआधी म्हातारा होऊन मरेल. वॉचडॉगचे चार वाचवून मी काय मिळवणार होतो?

मोजताना एक अडचण येईल ती सांगून ठेवतो. मीटरच्या मायक्रोअँपिअर पट्ट्याचा आतला रोध बऱ्याचदा 100 ओहमच्या आसपास असतो. संदेश जाताना त्यावरच एवढं व्होल्टेज पडतं की बोर्ड रीसेट होतो, आणि तुम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसता. मीटरच्या दोन्ही टोकांना एक तार आडवी जोडा, बोर्ड सुरू होऊन झोपू द्या, मग ती तार काढा आणि आकडा वाचा. पुढचा संदेश जायच्या आत ती परत लावा.